वीस नळ्या आणि एकशे सत्त्याऐंशी कॉलन्या

पहिल्या वेळी माझा फ्लक्च्युएशन टेस्ट फसला, आणि फसला तो अगदी व्यवस्थित आकडे देऊन. त्यामुळे चूक झाली आहे हे मला दोन दिवस कळलंच नाही.

प्रश्न सरळ होता. ई. कोलाय या जिवाणूचं दाट कल्चर रिफॅम्पिसिन हे जिवाणूनाशक औषध घातलेल्या प्लेटवर पसरलं की कोट्यवधी पेशी तिथेच थांबतात आणि बोटांवर मोजण्याइतक्या कॉलन्या उगवतात. या उगवलेल्या पेशींमधलं उत्परिवर्तन, म्हणजे म्युटेशन, कधी झालं? औषधाशी गाठ पडल्यावर, त्याला उत्तर म्हणून? की औषध दिसण्याच्या कितीतरी आधी, नळीत नुसती वाढ चालू असताना? प्लेटकडे कितीही निरखून पाहिलं तरी हे कळत नाही, कारण दोन्ही बाबतींत सकाळी दिसतात त्या कॉलन्याच.

१९४३ साली साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी यावर जी युक्ती काढली ती कॉलन्यांच्या आकड्यात नव्हती, त्या आकड्याच्या चढउतारात, म्हणजे फ्लक्च्युएशनमध्ये, होती. त्यांचे जिवाणू ई. कोलायच्या बी वंशाचे होते आणि निवड करणारा होता जिवाणूंना मारणारा टी-१ हा विषाणू. माझ्याकडे के-१२ वंशातला एमजी१६५५ आणि रिफॅम्पिसिन. तर्क मात्र तोच. औषध लागल्यावरच बदल घडत असेल, तर प्रत्येक पेशीला तिथल्या तिथे सारखीच छोटीशी संधी मिळते. मग वेगवेगळ्या नळ्यांमधून आलेल्या प्लेटांवर आकडे साधारण एकमेकांजवळ राहतात. बदल आधीच घडत असेल, तर तो ज्या पिढीत घडला त्यावर सगळं अवलंबून. शेवटच्या पिढीत घडला तर एखादी कॉलनी, दहा पिढ्या आधी घडला तर त्या एकाच पेशीची हजारभर लेकरं. म्हणजे बहुतेक नळ्यांत थोड्या कॉलन्या, आणि मधूनच एखाद्या नळीत घबाड. लुरियांना हे सुचलं ते एका नाचाच्या कार्यक्रमात नाणी टाकून खेळायच्या यंत्राजवळ उभं असताना. अशा यंत्रातून बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही आणि क्वचित एकदम ओंजळभर नाणी पडतात. घबाड लागलेल्या नळीला ‘जॅकपॉट’ म्हणायची पद्धत आजही आहे.

मी पहिल्या खेपेला दहा नळ्या घेतल्या, प्रत्येकीत ५ मिलिलीटर माध्यम. रात्रभर वाढवल्या आणि प्रत्येकीतलं ०.१ मिलिलीटर रिफॅम्पिसिनच्या प्लेटवर पसरलं. आकडे आले ४, ७, ५, ३, ६, ८, ५, ४, ९, ५. सरासरी ५.६, व्हेरिअन्स म्हणजे विचरण ३.६. कुठेही घबाड नाही. ज्या वितरणात विचरण आणि सरासरी जवळपास सारखी असतात त्या पॉयसॉन वितरणाशी हे छान जुळत होतं. म्हणजे माझ्या वहीत चक्क उलटा निष्कर्ष उतरत होता: बदल औषधानंतर घडतो!

मार्गदर्शक मॅडमना मी वही दाखवली. त्यांनी आकड्यांकडे फारसं पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं, “एका नळीत शेवटी पेशी किती?”

“मिलिलीटरला अडीच अब्जांच्या वर, मॅडम. म्हणजे नळीत साधारण तेरा अब्ज.”

“मग एका नळीत म्युटेशनच्या घटना किती झाल्या असतील? कॉलन्या नाही विचारत मी. घटना.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. या जिवाणूत रिफॅम्पिसिनला दाद न देणारा बदल अब्ज पेशींमागे काही थोड्या वेळा घडतो, एवढं मला वाचून माहीत होतं. तेरा अब्ज पेशी तयार व्हायच्या तर प्रत्येक नळीत असे तीस-चाळीस स्वतंत्र बदल होणार. काही लवकर, काही उशिरा. इतक्या घटना झाल्या की नळ्यांच्या बेरजांमधला फरक प्रमाणात कमी होतो, आणि त्यातलाही पन्नासावा भाग मी प्लेटवर घेतला होता, म्हणजे उरलासुरला चढउतार नमुना घेण्याच्या गोंधळात बुडाला. मी प्रयोगच असा मांडला होता की जे शोधायचं ते दिसूच नये.

“नळीमागे दोनेक घटना होतील एवढंच कल्चर वाढव,” मॅडम म्हणाल्या, “आणि सगळंच्या सगळं प्लेटवर घाल. थेंब मागे ठेवू नकोस.”

दुसऱ्या खेपेची मांडणी या दोन वाक्यांवरून झाली. नळीमागे ०.२ मिलिलीटर. (मूळ प्रयोगातही ०.२ मिलिलीटरच्या छोट्या नळ्या होत्या, आणि त्या का होत्या हे मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं.) रात्रभर वाढलेलं कल्चर ताज्या माध्यमात दहा लाख पट पातळ केलं आणि तेच मिश्रण सगळ्या नळ्यांत वाटलं. म्हणजे प्रत्येक नळीची सुरुवात सुमारे ५२० पेशींपासून झाली. ही सुरुवात बारीक असणं फार महत्त्वाचं आहे. सुरुवातीच्या पेशींतच एखादा प्रतिरोधी जिवाणू शिरला, तर त्या नळीत त्याची दहा लाख लेकरं होतील आणि ते आपल्या नळीत घडलेलं काहीच नसेल. वीस नळ्या मिळून सुरुवातीच्या पेशी दहा हजारांच्या आसपास; त्यांत असा एखादा असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. जाड लूप भरून जिवाणू टाकले असते तर ही खात्री राहिली नसती.

वीस नळ्या प्रयोगाच्या. तीन नळ्या एकूण पेशी मोजण्यासाठी वेगळ्या. आणि त्याच पातळ मिश्रणाचा १० मिलिलीटरचा एक फ्लास्क. हा फ्लास्क म्हणजे प्रयोगाचा साक्षीदार. त्यातून ०.२ मिलिलीटरचे दहा नमुने दहा प्लेटांवर घालायचे. कल्चर एकच असल्याने त्यांच्यातला फरक फक्त माझ्या पिपेटचा, पसरण्याचा आणि योगायोगाचा. वीस नळ्यांचे आकडे सांडल्यासारखे विखुरले आणि हे दहा एकमेकांजवळ राहिले, तरच विखुरण्याचं कारण नळीतला इतिहास आहे असं म्हणता येतं. पहिल्या खेपेला हा साक्षीदार मी घेतलाच नव्हता.

प्लेटांमध्ये मिलिलीटरला १०० मायक्रोग्रॅम रिफॅम्पिसिन होतं. हे औषध उजेडाने खराब होतं, म्हणून प्लेटा फॉइलमध्ये गुंडाळून ठेवल्या. आणि आदल्या दिवशीच ओतून त्यांचा पृष्ठभाग नीट वाळू दिला, कारण ०.२ मिलिलीटर द्रव ओल्या प्लेटवर जिरत नाही. तो इकडून तिकडे वाहतो आणि एका कॉलनीच्या चार होतात. प्रत्येक नळीतलं कल्चर प्लेटवर घेतल्यावर नळी ०.१ मिलिलीटर सलाइनने धुतली आणि ते धुवणही त्याच प्लेटवर घातलं. कंटाळवाणं काम आहे, पण नळीच्या भिंतीला चिकटून राहिलेल्या पेशीही मोजणीतल्याच असतात.

आणखी एक तपासणी केली, जी बरेच जण टाळतात. ५२ कोटी संवेदनशील पेशींच्या गर्दीत प्रतिरोधी पेशी उगवून येते का, की दबून जाते? आधीपासून माहीत असलेल्या प्रतिरोधी जिवाणूच्या सुमारे शंभर पेशी एकदा नुसत्याच आणि एकदा या गर्दीत मिसळून प्लेटवर घातल्या. नुसत्या असताना १०३ कॉलन्या आल्या, गर्दीत ९६. म्हणजे प्लेटवर दिसतं त्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

मोजणी ४८ तासांनी करायची हे मी आधीच लिहून ठेवलं होतं. हा निर्णय प्लेटा पाहून घेतला तर माणूस नकळत आपल्याला हवा तो तास निवडतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्या प्लेटांवर मिळून सात बारीक कॉलन्या आणखी आल्या. त्या वेगळ्या शाईने खुणावून ठेवल्या, मोजणीत घेतल्या नाहीत. अशा उशिरा आलेल्यांत सावकाश वाढणारे खरे म्यूटंट असू शकतात, आणि प्लेटवर आल्यानंतर कुठे एखाद-दुसरं विभाजन होऊन त्यात बदल झालेलेही असू शकतात. दुसऱ्या प्रकारचे जास्त झाले तर वितरण हळूहळू पॉयसॉनकडे झुकतं आणि दर फुगतो.

वीस प्लेटांचे आकडे चढत्या क्रमाने असे होते: ०, ०, ०, १, १, २, २, ३, ३, ३, ४, ५, ६, ७, ९, ११, १६, २४, ३८, १८७.

ती शेवटची प्लेट मी उघडली तेव्हा आधी वाटलं, औषध घालायचं राहून गेलं. पण औषध नसतं तर प्लेटभर सलग थर आला असता, सुट्या कॉलन्या नव्हेत. मी तीनदा मोजल्या.

फ्लास्कच्या दहा प्लेटांवर १४, १८, ११, १६, २१, १३, १५, १७, १२, १९ आल्या. सरासरी १५.६, विचरण १०.३. वीस नळ्यांची सरासरी १६.१, पण विचरण १७०७. सरासरी जवळपास तीच आणि विचरण तिच्या शंभरपटीहून जास्त! त्यापेक्षाही मला त्या तीन शून्यांनी जिंकलं. बदल औषधानंतर घडत असता आणि सरासरी १६ असती, तर एखाद्या प्लेटवर एकही कॉलनी न येण्याची शक्यता साधारण ८९ लाखांत एक. माझ्याकडे विसात तीन होत्या.

जॅकपॉटच्या नळीचा इतिहास मागे जाऊन काढता येतो. ५२० पेशींपासून ५२ कोटींपर्यंत जायला वीस दुपटी लागतात. १८७ कॉलन्या म्हणजे एका पेशीच्या साडेसात दुपटी. म्हणजे तो बदल बाराव्या-तेराव्या पिढीच्या सुमारास, नळीत २८ लाखांच्या आसपास पेशी असताना झाला. वीस मिनिटांची पिढी धरली तरी औषधाच्या प्लेटला स्पर्श होण्याआधी किमान अडीच तास. त्या वेळी त्या पेशीच्या आसपास रिफॅम्पिसिनचा कणही नव्हता.

आता दर. इथेच सगळ्यात सोपी आणि सगळ्यात मोठी चूक होते, ती म्हणजे सरासरी कॉलन्या भागिले एकूण पेशी. एकूण पेशी वेगळ्या तीन नळ्यांतून मिळाल्या: दहा लाख पट पातळ करून ०.१ मिलिलीटर साध्या प्लेटवर घातल्यावर २६२, २४१ आणि २७७ कॉलन्या, सरासरी २६०. त्यावरून मिलिलीटरला २६० कोटी आणि ०.२ मिलिलीटरच्या नळीत ५२ कोटी. १६.१ ला ५२ कोटींनी भागलं तर अब्ज पेशींमागे ३१ येतात. पण हा म्यूटंटांचा आढळ आहे, म्युटेशनचा दर नव्हे. त्या १६.१ मध्ये जॅकपॉटच्या लेकरांचीही गणती आहे. ती एक प्लेट बाजूला काढली तर सरासरी थेट ७.१ वर येते. एका प्लेटच्या असण्या-नसण्याने निम्म्याहून खाली येणाऱ्या आकड्यावर मी काहीही उभं करणार नव्हते. आपल्याला हवी ती नळीमागे झालेल्या घटनांची संख्या. तिला m म्हणतात.

घटना मोजायचा सर्वांत स्वच्छ मार्ग शून्यांमधून जातो. शून्य कॉलन्यांची नळी म्हणजे जिथे एकही घटना झाली नाही ती नळी. तिथे कोण लवकर जन्मलं आणि कोण उशिरा, हा प्रश्नच येत नाही. घटना यदृच्छेने होतात, म्हणून शून्य नळ्यांचा वाटा e^(−m) इतका असायला हवा.

```
p0 = 3/20 = 0.15
m  = -ln(0.15) = 1.90
```

दुसरा मार्ग मध्यकाचा. घबाडाची प्लेट १८७ ची असो की १८ हजारांची, मध्यक हलत नाही. माझा मध्यक दहाव्या आणि अकराव्या आकड्याच्या मधला, ३.५. ली आणि कौल्सन यांनी १९४९ मध्ये दिलेलं समीकरण r/m − ln(m) = 1.24 असं आहे. त्यात r म्हणजे मध्यक. m साठी ते थेट सुटत नाही, अंदाजाने आकडे घालत जावं लागतं. मी १.९ घातला तर डावीकडे १.२० आलं, १.८७ घातला तर १.२५, उत्तर १.८७ च्या किंचित वर. दोन वेगळ्या वाटांनी १.९० आणि १.८७ आल्यावर मला त्या दिवशी जेवढं हलकं वाटलं तेवढं त्या महिनाभरात वाटलं नव्हतं. पुढे सगळे वीस आकडे एकत्र वापरणाऱ्या महत्तम शक्यता पद्धतीनेही m १.९ ते २ च्या दरम्यानच आला. आजकाल मी हीच पद्धत वापरते, कारण शून्यांच्या वाटेत बाकीच्या सतरा नळ्यांच्या आकड्यांमधली माहिती वाया जाते आणि सगळ्याच नळ्यांत कॉलन्या आल्या तर ती वाट बंदच होते.

१.८७ भागिले ५२ कोटी, म्हणजे अब्ज पेशींमागे सुमारे ३.६. सरासरीवरून काढलेला आकडा याच्या जवळजवळ नऊपट होता. काही लेखांत याला आणखी ln 2 ने गुणतात आणि मग दर २.५ दिसतो; दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी कोणी काय धरलं आहे ते पाहावं लागतं. आणि वीस नळ्यांवर फार टिमकी वाजवू नये. माझ्या m चा ९५ टक्क्यांचा पल्ला साधारण १.२ ते ३ असा निघतो. दोन वंशांच्या दरात दुपटीचा फरक दाखवायचा असेल तर वीस नळ्या पुरत नाहीत.

पहिल्या खेपेच्या दहा आकड्यांतून काही वाचवता येतं का, हेही मी करून पाहिलं. तिथे मध्यक ५, त्यावरून दिसणारा m २.३७. मी पन्नासावा भाग प्लेटवर घातला होता, म्हणून पन्नासने गुणायचं? तसं केलं तर अब्जामागे ९ येतात, खऱ्या दराच्या अडीचपट. कारण लवकर झालेल्या घटनेचं कुटुंब मोठं असतं, ते पन्नासाव्या भागातही दिसतंच. हुकतात त्या फक्त उशिराच्या, एक-दोन पेशींच्या घटना. प्लेटवर घातलेला वाटा z असेल तर गुणक (z − 1)/(z ln z) असा लागतो. z = 0.02 साठी तो ५० नव्हे, १२.५ येतो. मग m सुमारे ३० आणि दर अब्जामागे २.३. दहा नळ्या आणि इतका बारीक वाटा पाहता हा आकडा वापरण्याजोगा नाही, पण तो चुकीच्या गावाला गेलेला नव्हता. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर, नळीमागे घटना किती, ते मला तेव्हा मिळालं.

या सगळ्या गणितात एक गृहीत आहे, जे रिफॅम्पिसिनच्या बाबतीत पूर्ण खरं नाही: बदल झाला की पेशी लगेच प्रतिरोधी होते. प्रत्यक्षात बदल होतो तो आरएनए पॉलिमरेजचा एक भाग घडवणाऱ्या आरपीओबी जनुकात. बदल झाल्या क्षणी पेशीत जुनं, औषधाला बळी पडणारं पॉलिमरेज भरलेलंच असतं, आणि वेगाने वाढणाऱ्या पेशीत गुणसूत्राच्या जुन्या प्रतीही असतात. एक-दोन पिढ्या गेल्याशिवाय ती पेशी या प्लेटवर तगत नाही. म्हणजे अगदी शेवटी झालेल्या घटना मोजणीतून निसटतात आणि माझा ३.६ हा खऱ्यापेक्षा थोडा कमीच असणार. तसंच, या प्रयोगातून सिद्ध होतं ते एवढंच की लगेच वाढ थांबवणाऱ्या या निवडीत दिसलेले बदल आधी झाले होते. जिथे पेशी प्लेटवर दिवसेंदिवस उपाशी पण जिवंत राहतात, तिथे नंतरही बदल होऊ शकतात. १९८८ मध्ये जॉन केर्न्स आणि सहकाऱ्यांनी यावरूनच मोठा वाद उभा केला होता. माझ्या प्लेटा त्या वादाबद्दल काही सांगत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला डोळ्यांनी पाहायची होती. १८७ कॉलन्या एकाच पेशीची लेकरं असतील, तर त्या सगळ्यांत बदलही एकच हवा. जॅकपॉटच्या प्लेटवरून आठ कॉलन्या एकमेकींपासून लांब लांब उचलल्या, ताज्या रिफॅम्पिसिन प्लेटवर पुन्हा रेघा ओढून शुद्ध केल्या, आणि आरपीओबीचा ज्या भागात बहुतेक असे बदल होतात तो तुकडा वाचून घ्यायला पाठवला. सोबत बाकीच्या पाच नळ्यांतली एकेक कॉलनी. दहा दिवसांनी निकाल आला. पाच नळ्यांच्या पाच कॉलन्यांत चार वेगवेगळे बदल होते. जॅकपॉटच्या आठही कॉलन्यांत १५७६ व्या जागी सी चा टी झालेला होता, म्हणजे ५२६ व्या हिस्टिडिनच्या जागी टायरोसिन. आठांपैकी आठ.

मी ती प्लेट अजून टाकलेली नाही. फ्रीजमध्ये, फॉइलमध्ये गुंडाळून, खाली लिहिलंय: ‘नळी १३, पिढी १२–१३’.